कोन दिलेला नाही

त्या खोलीत अठरा टेबलं होती, आणि प्रत्येक टेबलावर एक संगणक, एक पाण्याची बाटली आणि एक निवृत्त किंवा निवृत्त होता होता राहिलेला शिक्षक होता. देशभरातली मुलं आपापल्या शंका मोबाइलवरून पाठवत, आणि ही अठरा माणसं त्या बारा मिनिटांच्या आत फेडत. बारा मिनिटं संपली की पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा लाल होई. तेरावं मिनिट लागलं की सुपरवायझर आपल्या काचेच्या खोलीतून मान वर करी. सुपरवायझर पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. त्याचं भौतिकशास्त्राशी वैर नव्हतं, कारण ओळखच नव्हती.

खिडकीजवळच्या टेबलावर जे गृहस्थ बसत, त्यांना सगळे ‘अनुक्रमणिका’ म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते तिथेच राहिलं होतं. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि त्या काळात गणितांची जी जी पुस्तकं वर्गात आली, ती सगळी त्यांच्या डोक्यात धडा आणि क्रमांकासकट जाऊन बसली होती. कुणी नुसतं “एक चेंडू मनोऱ्यावरून” एवढं म्हणालं, की अनुक्रमणिका डोळे न उघडता म्हणत, “तिसरा धडा, सतरावं. मनोरा एकोणीस पूर्णांक सहा मीटर. वेळ काढा. दोन सेकंद.” आणि ते दोन सेकंदच असत.

खोलीत हा एक खेळच झाला होता. मुलं प्रश्न पाठवत ते कसे पाठवत, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. कुणी अर्धं पान फोटो काढून पाठवी, आणि त्या अर्ध्या पानात अंगठा. कुणी “गाडी थांबते, सोडवा” एवढंच लिही. गाडी किती वेगाने चालली होती, किती अंतरात थांबली, आणि थांबली तर आता आपल्याला त्यातलं काय हवंय, याचा पत्ता नसे. अशा वेळी पलीकडच्या टेबलावरच्या रसायनबाई चष्मा कपाळावर ढकलून हाक मारत, “अहो अनुक्रमणिका, हा बघा एक मुका आलाय.” मग अनुक्रमणिका खुर्ची फिरवत, एकदा पडद्याकडे बघत, आणि त्या मुक्याचं कूळ, गोत्र, आकडे आणि एकक सगळं सांगून मोकळे होत. टाळ्या कुणी वाजवत नसे, पण वाजल्यासारखं त्यांना वाटे.

खरं तर अशा प्रश्नासाठी पडद्यावर एक बटण होतं. ‘माहिती मागवा’. ते दाबलं की मुलाकडे निरोप जाई: काय दिलं आहे, कोणत्या एककात, आणि काय काढायचं आहे, ते कळवा. बटण चांगलं मोठं, निळं होतं. पण ते दाबलं की प्रश्न ‘परत’ मोजला जाई, आणि महिनाअखेर कुणी किती परत पाठवले त्याचा तक्ता पाणी पिण्याच्या जागी लागे. ज्याचे कमी त्याचा फोटो भिंतीवर. अनुक्रमणिकांचा फोटो भिंतीवर तीन वर्षं होता. खाली लिहिलेलं: परत – शून्य. त्या फोटोत ते हसत नव्हते, पण न हसण्यासाठी बरेच कष्ट घेतलेले दिसत होते.

त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर एक प्रश्न आला. तो असा:

‘एक वजन दोन दोरांना मधोमध टांगलं आहे. दोर दोन्हीकडे वर बांधले आहेत. हे सोडवून द्या. लवकर.’

एवढंच. वजन किती, ते नाही. दोर किती लांब, किती तिरके, नाही. काढायचं काय, तेही नाही. ‘लवकर’ मात्र होतं.

“मुका,” रसायनबाई वाकून बघत म्हणाल्या.

“मुका कुठला? ओळखीचा आहे,” अनुक्रमणिका म्हणाले. “पाचवा धडा, चौदावं. वस्तुमान वीस किलो. दोन्ही दोर आडव्या रेषेशी तीस अंश. प्रत्येक दोरातला ताण काढा.”

“तीसच कशावरून? पंचेचाळीस असेल.”

“पंचेचाळीसचं सोळावं. त्यात दोर नाही, तारा आहेत.”

रसायनबाई आपल्या पडद्याकडे वळल्या.

अनुक्रमणिकांनी टाइप केलं. दोन दोर मिळून वजन पेलतात. प्रत्येक दोराचा फक्त उभा भाग वजनाच्या कामाला येतो. तीस अंशाचा साइन अर्धा. म्हणून दोन दोरांचे दोन अर्धे मिळून एक पूर्ण. ताण एकशे शहाण्णव न्यूटन. वजनही एकशे शहाण्णव न्यूटन. हे गणित त्यांचं जुनं लाडकं होतं. चौतीस वर्षं ते फळ्यावर हे उत्तर आलं की खडू खाली ठेवत आणि वर्गाकडे बघत, की बघा, काय सुंदर जुळलं. आज समोर वर्ग नव्हता. म्हणून त्यांनी शेवटी एक ओळ जास्तीची घातली: ‘लक्षात ठेवा, प्रत्येक दोरातला ताण टांगलेल्या वजनाइतकाच असतो.’

चार मिनिटं दहा सेकंदांत उत्तर गेलं. मिनिटाभरात पलीकडून शेरा आला. ‘बाबांना सांगितलं. थँक्यू.’ आणि ‘तुमची शंका फिटली का?’ या प्रश्नापुढे ‘हो’.

‘बाबांना’ हा शब्द अनुक्रमणिकांनी वाचला. बापाला अभ्यास दाखवणारी मुलं अजून आहेत, असं ते रसायनबाईंना म्हणालेसुद्धा. मग पुढचा प्रश्न आला, त्यात आगगाडी होती.

तेवीस दिवसांनी त्याच खात्यावरून, म्हणजे अकरावीतल्या एका मुलीच्या, दुसरा प्रश्न आला.

अनुक्रमणिकांना पहिल्यांदा तो आवडला. इतका नीट मांडलेला प्रश्न त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता. मुलं असा लिहीत नाहीत. पुस्तकंही हल्ली लिहीत नाहीत. 

‘दिलेलं: स्पीकरच्या खोक्याचं वस्तुमान १२० किलोग्रॅम. दोन खांबांमधलं अंतर १४ मीटर. खोकं बरोबर मध्ये, म्हणजे प्रत्येक खांबापासून ७ मीटर. दोर दोन्ही खांबांना सारख्याच उंचीवर बांधलेला. खोकं त्या उंचीच्या फक्त ६० सेंटिमीटर खाली राहील इतकं वर घ्यायचं होतं. दोरावरच्या पट्टीवर लिहिलं आहे: ४०० किलोग्रॅम भाराला तुटतो.

काढायचं: दोरातला ताण. आणि त्यावरून, गाठ पक्की असती तर दोर टिकला असता का.’

खाली शेऱ्याच्या जागेत आणखी होतं. ती जागा खरं तर ‘धडा व पान क्रमांक’ यासाठी होती.

‘मागचा प्रश्न मीच पाठवला होता. बाबा स्पीकर आणि दिवे टांगायचं काम करायचे. त्यांनी साइटवरून फोन केला की तुझ्या पुस्तकात असेल, विचार कुणाला तरी. घाईत होते. ते जसं बोलले तसं मी लिहिलं. मला वाटलं, काही लागलं तर तुम्ही विचाराल. गाठ मामाने बांधली होती. हॉलची माणसं दोर ओढत होती, बाबा खाली उभे राहून खोकं हलू नये म्हणून हात लावून होते. सगळे म्हणतात मामाची गाठ सुटली. मामा म्हणतो सुटली नाही, दोर तुटला. दोराची टोकं चौकशीवाल्यांनी नेली, ती अजून दिली नाहीत. आई मामाशी बोलत नाही. मामा आमच्या जिन्यात येऊन बसतो आणि जातो. या वेळी मी सगळं दिलं आहे. एककंपण तपासली आहेत.’

अनुक्रमणिकांनी ते वाचलं, आणि कागद ओढला. संगणकावर नको, कागदावर. सात मीटर आडवं, साठ सेंटिमीटर उभं. तो त्रिकोण त्यांनी काढला तेव्हा तो त्रिकोण वाटेचना; पेन्सिल घसरून ओढली गेलेली एक रेघ वाटली. कर्ण सात पूर्णांक शून्य तीन. साइन शून्य पूर्णांक शून्य आठ पाच. तीस अंशाचा अर्धा असतो, शून्य पूर्णांक पाच. हा त्याच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा थोडासाच जास्त. जेवढा साइन लहान, तेवढा ताण मोठा, कारण दोर जितका आडवा तितका त्याचा वर उचलण्याचा भाग कमी, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला स्वतःला जास्त ताणून घ्यावं लागतं. हे त्यांनी चौतीस वर्षं सांगितलं होतं. बावीस वर्षं तर त्यावर प्रश्नही घातला होता.

ताण सहा हजार आठशे पंच्याऐंशी न्यूटन. म्हणजे सातशे तीन किलोचा भार. दोर तुटतो चारशेला.

त्यांनी उलटंही करून पाहिलं. चारशेला तुटायचा तर कुठे तुटेल? साइन शून्य पूर्णांक पंधरा. खोकं खांबावरच्या बांधापासून एक मीटर सहा सेंटिमीटर खाली असताना. तिथपर्यंत दोर ओढला, की संपलं. साठ सेंटिमीटरपर्यंत ते खोकं जगातल्या कुठल्याही गाठीने गेलं नसतं.

मग त्यांनी शेवटचं केलं, जे करायला नको होतं. सात मीटरला तीस अंशाचा कोन धरला तर खोकं किती खाली लोंबेल? चार मीटर चार सेंटिमीटर. म्हणजे लोकांच्या डोक्याला लागेल असं. अशा तऱ्हेने कुठल्याच हॉलमध्ये कुणी काही टांगत नाही. अशा तऱ्हेने वजनं फक्त पाचव्या धड्यात टांगतात, कारण तिथे साइन तोंडपाठ असतो.

बापाकडे दोर चारशेचा होता, खोकं एकशे वीसचं. ‘प्रत्येक दोरातला ताण टांगलेल्या वजनाइतकाच असतो.’ म्हणजे तिपटीहून जास्त दोर. बिचाऱ्याने हात लावून उभं राहायला काहीच हरकत नव्हती.

पडद्यावरचा आकडा लाल झाला होता. सुपरवायझरने मान वर केली, मग सगळा माणूसच वर झाला आणि चालत आला. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर तो खुर्चीच्या हातावर टेकला, आणि हळू आवाजात बोलला, कारण वाईट माणूस नव्हता तो.

“सर, हे अपूर्ण म्हणून परत करा.”

“अपूर्ण?”

“बटण आहे ना. माहिती मागवा.”

“हिने सगळं दिलंय,” अनुक्रमणिका म्हणाले. “तीन वर्षांत इतका पूर्ण प्रश्न आलेला नाही.”

“दोराची लवचीकता दिलीये का? वारा दिलाय का?” हे शब्द सुपरवायझरने कुठून उचलले देव जाणे, पण माणसाला गरज पडली की विज्ञान सुचतं. “सर, हा आता अभ्यासाचा प्रश्न राहिला नाही. उद्या कुणी वकील हे उत्तर हातात घेऊन येईल. आपण कुणाच्या घरच्या भानगडीत कशाला पडायचं? परत करा. परत एकच होईल. भिंतीवरचा फोटो मी काढणार नाही, शब्द देतो.”

अनुक्रमणिकांनी ते निळं बटण पाहिलं. तीन वर्षं ते त्याच जागी होतं, आणि तेवीस दिवसांपूर्वीही तिथेच होतं.

त्यांनी प्रश्न ‘राखून’ ठेवला. सकाळपर्यंत तसा ठेवता येई.

घरी गेल्यावर त्यांना बायकोने गच्चीत पिटाळलं. कपडे वाळत घालायची दोरी नवी आणली होती, ती बांधायची होती. एका टोकाला पाण्याच्या टाकीचा पाइप, दुसऱ्या टोकाला भिंतीतला आकडा. अनुक्रमणिकांनी एक टोक बांधलं आणि दुसरं ओढायला लागले. ऊन अजून होतं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

“अहो, एवढी ताणू नका,” बायको बादली घेऊन वर येत म्हणाली. “जरा झोळ राहू दे. मागच्या वेळी तुम्हीच तंग बांधलीत, आणि ओल्या चादरीने आकडा भिंतीतून उपटून आला.”

“तुला कुणी सांगितलं झोळ ठेवायचा?”

“आता यात सांगायचं काय? आईने ठेवलेला बघितला, मी ठेवते.” तिने त्यांच्या हातातून टोक घेतलं, हातभर सैल सोडलं आणि गाठ मारली. मग त्यांच्याकडे बघितलं. “काय झालं? चेहरा का उतरलाय तुमचा?”

त्यांनी सांगितलं. ते सांगत असताना ती एकेक कपडा झटकत होती. मग झटकायची थांबली. तिच्या हातात त्यांचाच शर्ट होता.

“मुलगी केवढी?”

“अकरावीतली.”

“आणि तो मामा जिन्यात बसतो.”

“हो.”

तिने शर्ट दोरीवर टाकला. बराच वेळ तो सरळ करत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही खरं उत्तर दिलंत तर मामा सुटेल. आणि ती पोरगी अडकेल. ती लिहिताना काही राहिलं म्हणून बाप गेला, असं आयुष्यभर तिच्या मनात राहणार.”

“खोटं दिलं तर मामा अडकतो.”

“आणि बटण दाबलंत तर?”

“तर मामा जिन्यातच राहील.”

“मग तुम्ही कुठे आहात यात?” बायकोने विचारलं. तिने ते टोचून विचारलं नव्हतं. जागा मोजावी तसं विचारलं होतं. “मामा आहे, पोरगी आहे. तुम्ही कुठे दिसत नाही.”

सकाळी अनुक्रमणिका वेळेच्या आधी आले. रसायनबाईंनी विचारलं, काय अनुक्रमणिका, आज कुठला धडा, तर ते संगणक सुरू करायला लागले. रसायनबाईंनी मग आपला डबा उघडून परत बंद केला.

एक अडचण होती, आणि ती अनुक्रमणिकांना नीट ठाऊक होती. मुलांना खासगी मजकूर पाठवायला मनाई होती. उत्तर पलीकडे जाण्याआधी यंत्र ते तपासून बघे: तीन मथळे आहेत का – दिलेलं, काढायचं, उत्तर, आकडे आहेत का, एककं आहेत का. ‘माफ कर’, ‘बाळा’, ‘फोन’, ‘भेट’ असले शब्द दिसले की ती ओळ गळे. यंत्राला दुःखाचं वावडं नव्हतं, फक्त ते एककात हवं होतं.

म्हणून अनुक्रमणिकांनी ते एककात लिहिलं.

‘दिलेलं: या प्रश्नात सर्व राशी दिलेल्या आहेत, एककांसह. मागील प्रश्नात कोन दिलेला नव्हता. वस्तुमान दिलेलं नव्हतं. काय काढायचं ते दिलेलं नव्हतं. त्या प्रश्नात ३०° हा कोन सोडवणाऱ्याने पुस्तकातून आठवून घातला, २० किलोग्रॅमही त्यानेच घातले. न दिलेली राशी विचारून घेण्याचं काम प्रश्न पाठवणाऱ्याचं नसतं. ते १०० टक्के सोडवणाऱ्याचं असतं. त्याच्याकडे १२ मिनिटं होती. त्याने ४ मिनिटं १० सेकंद वापरली.

काढायचं: दोरातला ताण.

उत्तर: ६८८५ न्यूटन, म्हणजे सुमारे ७०३ किलोग्रॅमचा भार. दोर ४०० ला तुटतो. खोकं १ मीटर ६ सेंटिमीटर खाली असेपर्यंतच बिनगाठीचा, कोरा दोरसुद्धा टिकू शकतो. त्याच्या वर नाही. गाठीने दोराची ताकद आणखी कमी होते, वाढत कधीच नाही. म्हणून गाठ कितीही पक्की असती तरी दोर ६० सेंटिमीटरपर्यंत पोचला नसता. मागील उत्तरातली शेवटची ओळ फक्त ३०° ला खरी आहे. इतर प्रत्येक कोनाला ती चूक आहे, आणि ती कुणी मागितलेलीही नव्हती.’

त्यांनी ‘पाठवा’ दाबलं. यंत्राने तपासलं. तीन मथळे होते. आकडे भरपूर होते, एककं तर ओसंडून वाहत होती. यंत्राने ते उत्तर उत्तम ठरवलं आणि जाऊ दिलं.

सुपरवायझरला ते अकराच्या सुमाराला दिसलं. त्याने काचेच्या खोलीत बोलावलं. आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नव्हतं, पण काच असल्यामुळे दिसत होतं: सुपरवायझर बोलत होता, आणि अनुक्रमणिका मान हलवत होते, पुन्हा पुन्हा, कशालाच नाही म्हणत नव्हते. वरून विचारणा झाली तर लेखी लिहून द्याल का, असंही त्याने विचारलं. अनुक्रमणिका म्हणाले, लिहूनच दिलंय. फोटो दुपारी निघाला. भिंतीवर त्याची चौकोनी पांढरी जागा राहिली, बाकी भिंत तीन वर्षांत पिवळी पडल्यामुळे. महिनाअखेरपर्यंत या, मग बघू, असं ठरलं. काय बघायचं ते दिलेलं नव्हतं.

पलीकडून शेरा दुसऱ्या दिवशी आला.

‘मामाला वाचून दाखवलं. त्याला गणित कळलं नाही, शेवटचं कळलं. तो तिथेच खाली बसला. मग आई आली. तिने त्याला घरात ये म्हटलं.’

त्याखाली एक ओळ सोडून:

‘मी कोन लिहिला असता तर तुम्ही ७०३ च काढलं असतं ना?’

अनुक्रमणिका त्या ओळीसमोर बसून राहिले. कोपऱ्यातला आकडा बारापासून खाली येत होता. याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, रसायनबाईंना ठाऊक होतं, त्या मुलीला तर विचारण्याआधीच ठाऊक होतं. शास्त्र त्या बाबतीत अगदी स्वच्छ होतं. कोन लिहिला असता तर त्यांनी सातशे तीनच काढलं असतं. बाप चढून वर गेला असता, दोर सोडला असता, संध्याकाळी घरी येऊन म्हणाला असता, बरं झालं विचारलंस.

त्यांनी लिहिलं, ‘तू लिहिला नव्हतास तरी मी विचारायला हवा होता.’ शेऱ्याच्या उत्तराला मथळे लागत नसत, तरी यंत्राने ती ओळ परत पाठवली: आकडा नाही, एकक नाही. त्यांनी लिहिलं, ‘तुझी चूक ० टक्के.’ ती गेली.

पलीकडून काही आलं नाही.

‘तुमची शंका फिटली का?’ हा प्रश्न आता त्या मुलीच्या पडद्यावर होता. हो आणि नाही, अशी दोन बटणं. अनुक्रमणिकांच्या यादीत तो प्रश्न उघडाच दिसत राहिला. एकदा पाठवलेलं उत्तर सोडवणाऱ्याला बंद करता येत नाही. ते फक्त विचारणाराच बंद करतो. रोज सकाळी ते आधी तिथे जात. हो नाही, नाहीही नाही. मग ते दिवसभराचे प्रश्न घेत. आता त्यांचं बटण सारखं वाजे. चेंडू आला, की किती उंचीवरून ते कळवा. गाडी आली, की किती वेगाने ते कळवा. मुलं वैतागत. एकाने लिहिलं, ‘काका, पुस्तकातलंच आहे हो.’ त्यालाही त्यांनी विचारलं, कोणत्या एककात.

“अहो, हे तर तुम्हाला पाठ आहे,” रसायनबाई एकदा न राहवून म्हणाल्या. “तिसरा धडा, सतरावं.”

“असेल,” ते म्हणाले. “त्याचा मनोरा किती उंच आहे, मला काय माहीत.”

दहा दिवस तसेच गेले. अकराव्या दिवशी ते आले, खुर्ची ओढली, संगणक सुरू केला, आणि तो प्रश्न यादीत नव्हता. त्यांनी जुन्या यादीत शोधला. तिथे होता. बंद झालेला. शंका फिटली का – हो.

त्यांनी खुर्ची इतक्या जोरात मागे सारली की रसायनबाईंनी वर पाहिलं. तिने दाबलं, असं ते म्हणाले. ती आहे, तिने दाबलं.

रसायनबाई उठून आल्या. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पडद्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचली. मग त्यांनी अनुक्रमणिकांच्या खांद्यावर हात ठेवला, जे त्या कधी करत नसत, आणि बोट ठेवून ती ओळ दाखवली.

‘विद्यार्थ्याकडून दहा दिवसांत प्रतिसाद न आल्यास शंका फिटली असे धरले जाते.’